सिंथला ‘इन्स्ट्रुमेंट’ नव्हे, ‘लाइन’

युरोरॅक मॉड्युलरचा ऑडिओ सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो. साइन वेव्हसाठी हे सुमारे +१३ dBu होतात, म्हणजे +४ dBu या व्यावसायिक लाइन पातळीहून ९ डेसिबल जास्त. सिंथ हे वाद्यच, मग ऑडिओ इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुट का नको? कारण ते इनपुट गिटारच्या पिकअपच्या क्षीण सिग्नलसाठी असते. तिथे गेन शून्यावर असूनही सिग्नल फाटू शकतो. सॉफ्टवेअरचा फेडर खाली ओढूनही उपयोग नाही, कारण बिघाड त्याआधीच, इनपुटवर झालेला असतो.

म्हणून ‘लाइन’ निवडा, गेन किमान ठेवा, सर्वांत मोठा आवाज वाजवून शिखरे −१२ dBFS च्या आसपास आणा. तरीही लाल दिवा लागला, तर मॉड्युलरच्या बाजूनेच व्हीसीए किंवा आउटपुट मॉड्यूलने पातळी उतरवा.