सहा-तीनची फिल्ड आणि लॉर्ड्सवरचा आखूड टप्पा

वेगवान गोलंदाजासाठी फिल्ड कागदावर मांडायची असेल, तर नऊ ठिपके काढण्याआधी एक रेघ काढावी. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू कुठे टप्पा घेणार, तिथून कोणत्या बाजूला जाणार आणि फलंदाज त्याला कसा भिडणार, ही ती रेघ. ती नक्की झाली की निम्मे ठिपके आपोआप जागेवर बसतात. ती न काढताच ‘तीन स्लिप, एक गली’ असे पाठ केलेले म्हणून टाकणारे कर्णधार शालेय सामन्यांपासून वरपर्यंत सगळीकडे दिसतात. चार षटकांत त्यांच्या तीन स्लिप नुसत्या उभ्या असतात आणि धावा भलतीकडेच निघत असतात.

कागद उभा धरा. मध्ये खेळपट्टीचा अरुंद आयत, बावीस यार्डांचा म्हणजे 20.12 मीटरचा. गोलंदाज खालून धावत येतो, फलंदाज वरच्या टोकाला आहे. फलंदाज उजव्या हाताचा असेल तर कागदाची डावी बाजू ऑफ आणि उजवी लेग. गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडले तर नऊ जण उरतात. नवा चेंडू आहे, गोलंदाजाला आउटस्विंग मिळतो आहे आणि त्याला टप्पा ऑफस्टंपच्या जरा बाहेर, फलंदाजाने पुढे यावे इतका पुढे टाकायचा आहे, असे धरू. बाहेर जाणाऱ्या चेंडूची कड लागली तर झेल यष्टिरक्षक, स्लिप किंवा गलीकडे जातो. म्हणून कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चार ठिपके: पहिली, दुसरी, तिसरी स्लिप आणि गली. पाचवा कव्हर-पॉइंटला, सहावा मिडऑफला. लेगला तिघे: मिडऑन, स्क्वेअर लेग आणि सीमेवर फाइन लेग. हीच सहा-तीनची फिल्ड.

या आराखड्यात सर्वांत बोलकी जागा रिकामी सोडलेली आहे. मिडऑफ आणि कव्हर-पॉइंट यांच्यामधला कव्हरचा पट्टा मोकळा आहे. तिथे माणूस ठेवला तर फलंदाज ड्राइव्हच्या मोहात पडत नाही. मोकळा दिसला की पडतो. पुढे टाकलेल्या, शेवटच्या क्षणी बाहेर वळणाऱ्या चेंडूवर ड्राइव्ह मारताना कड लागण्याची शक्यता जास्त. एखादा चौकार कव्हरमधून जाईल, ती त्या झेलाची किंमत. कर्णधाराने ती गोलंदाजाला आधीच सांगून ठेवायला हवी. नाहीतर पहिला चौकार गेला की तो स्वतःच लांबून हात करून कव्हरला माणूस मागतो आणि सगळी आखणी कोसळते. थर्डमॅनही रिकामा आहे. स्लिपच्या डोक्यावरून किंवा दोन स्लिपच्या मधून जाड कड गेली तर चौकार. ती धाव हसत मान्य करावी, कारण फलंदाज चुकला होता.

आता त्या चार ठिपक्यांकडे नीट पाहू, कारण कर्णधाराचे खरे कसब तिथे दिसते. स्लिप किती मागे उभी करायची, याचा यार्डांत ठरलेला आकडा नाही. मोजपट्टी म्हणजे यष्टिरक्षक. फलंदाजाने सोडून दिलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात कमरेच्या आसपास, उंची गाठून नुकताच खाली उतरू लागलेला यायला हवा. नडगीजवळ येत असेल तर सगळी रांग दोन पावले पुढे घ्यावी. छातीवर येत असेल तर मागे जाता येते. हे पहिल्या दोन षटकांतच दिसते, आणि शहाणा कर्णधार त्या वेळी यष्टिरक्षकाचे ग्लोव्ह्ज कोणत्या उंचीवर आहेत ते बघत असतो. चेंडू जुना झाला, खेळपट्टी मंदावली, की तीच रांग पुन्हा पुढे सरकवावी लागते. न सरकवल्यास झेल स्लिपच्या पुढ्यात टप्पा पडून येतो. प्रेक्षक ‘थोडक्यात वाचला’ म्हणतात. प्रत्यक्षात तो झेल काही षटकांपूर्वीच हातचा गेलेला असतो.

ही रांग सरळ नसते. पहिली स्लिप यष्टिरक्षकाच्या किंचित मागे, दुसरी तिच्याबरोबर किंवा जरा पुढे, तिसरी आणखी पुढे आणि गली सर्वांत जवळ. बारीक कडेचा चेंडू वेग फारसा न गमावता मागे निघतो, जाड कडेचा वेग गमावून जास्त कोनात फुटतो. गलीतला माणूस स्लिपइतका मागे राहिला तर तोपर्यंत चेंडू जमिनीवर टेकतो. दोन माणसांमधले अंतर हात पसरल्यावर बोटे जेमतेम एकमेकांपर्यंत पोहोचावीत इतके ठेवावे. त्याहून जवळ आले की दोघेही एकाच चेंडूवर झेपावतात किंवा दोघेही दुसऱ्यावर सोडतात. ताशी 135 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 37.5 मीटर. टप्प्यावर वेग कमी झाला तरी स्लिपमधल्या माणसाच्या हाती सेकंदाच्या अर्ध्याहून थोडा जास्त वेळ उरतो. म्हणून पहिल्या स्लिपने गोलंदाजाच्या हातापासून चेंडू बघायचा, तर बाकीच्यांनी बॅटच्या कडेवर नजर ठेवायची, अशी पद्धत आहे.

मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग खेळलेल्यांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. ओल्या मैदानातल्या वाढलेल्या गवतात चेंडू रुतून थांबतो. तिथे थर्डमॅनला माणूस ठेवणे म्हणजे एक क्षेत्ररक्षक फुकट घालवणे. तो आत घेऊन झेलासाठी वापरता येतो. कागदावरचा आराखडा एकच असला तरी मैदान त्यातला एखादा ठिपका उचलून दुसरीकडे ठेवते.

सहा-तीनची फिल्ड सगळ्यांत जास्त फसते ती गोलंदाजाच्या दिशेमुळे. लेगला तिघेच असताना त्याने पॅडवर टाकले तर फलंदाज मनगट वळवून मिडविकेटमधून दोन धावा सहज काढतो. दोन षटकांत अशा तीन-चार वेळा धावा निघाल्या की कर्णधारापुढे दोन वाटा असतात: गोलंदाजाला दिशा बदलायला लावणे किंवा फिल्ड बदलणे. पहिली आधी वापरून पाहावी. पण बऱ्याचदा घडते ते असे की चौकार जिथून गेला तिथे एक माणूस धावत जातो, त्याची जागा रिकामी होते आणि पुढचा चौकार तिथून जातो. धावा कुठे गेल्या यापेक्षा त्या कोणत्या चेंडूवर गेल्या, हे विचारले तर ही धावपळ थांबते. वाईट चेंडूसाठी फिल्ड लावताच येत नाही.

आणि कधी कधी गोलंदाज चांगला टाकत असूनही रेघच बदलावी लागते. 21 जुलै 2014, लॉर्ड्स, कसोटीचा शेवटचा दिवस. इंग्लंडला 319 धावा हव्या होत्या आणि आदल्या संध्याकाळी त्यांची 4 बाद 105 अशी अवस्था होती. सकाळी मात्र जो रूट आणि मोईन अली यांनी दोनशेकडे कूच केली. दोघांची शंभर धावांची भागीदारी झाली. भारत 1986 नंतर लॉर्ड्सवर जिंकलेला नव्हता. पहिल्या डावात गवताळ खेळपट्टीवर अजिंक्य रहाणेने 103 धावा काढून सामना उभा केला होता, आणि शेवटच्या दिवशी तो हातून निसटतो की काय असे वाटू लागले. तेव्हा महेंद्रसिंग धोनीने ईशांत शर्माला आखूड टप्प्यावर टाकायला सांगितले. ईशांतला आधी ते पटले नव्हते, धोनीला त्याला तयार करावे लागले.

रेघ बदलली म्हणजे कागदावरचे काय बदलले? टप्पा मागे आला, चेंडू बरगड्यांच्या किंवा खांद्याच्या उंचीवर येऊ लागला. आता ड्राइव्ह हा फटकाच उरला नाही. फलंदाजापुढे तीन मार्ग उरतात: खाली वाकणे, बॅट उचलून अंग वाचवणे किंवा पुल-हुक मारणे. अंग वाचवताना चेंडू उडतो तो शॉर्ट लेगकडे किंवा गलीकडे. पुल नीट बसला नाही तर चेंडू हवेत जातो तो स्क्वेअर लेग आणि मिडविकेटच्या सीमेकडे, नाहीतर तिथल्याच आतल्या माणसाकडे. म्हणून स्लिपची रांग मोडून माणसे लेगला नेली जातात. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी ढोबळ आराखडा असा निघतो: लेगला शॉर्ट लेग, आतला मिडविकेट, सीमेवर डीप मिडविकेट, डीप स्क्वेअर लेग आणि फाइन लेग, ऑफला एक स्लिप, गली, कव्हर आणि मिडऑफ. सहा-तीन उलटून चार-पाच झाले.

इथे एक नियम आड येतो. चेंडू टाकण्याच्या क्षणी यष्टिरक्षक सोडून दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक लेगसाइडला पॉपिंग क्रीझच्या मागे असता कामा नये. असले तर पंच नोबॉल देतो. 1932-33 च्या मालिकेत डग्लस जार्डिन यांनी हॅरॉल्ड लारवूड यांच्या गोलंदाजीवर लेगला माणसांची जी गर्दी लावली, त्या बॉडीलाइनच्या आठवणी या नियमामागे आहेत. आपल्या आराखड्यात डीप स्क्वेअर लेग आणि फाइन लेग हे दोघे मागे मोजले जातात, शॉर्ट लेग क्रीझच्या रेषेपुढे असल्याने मोजला जात नाही. कर्णधाराला मागे आणखी एक माणूस, समजा लेग स्लिप, हवा असेल तर डीप स्क्वेअर लेगला रेषेच्या पुढे आणावे लागते. शिवाय कसोटीत खांद्यावरून जाणारे उसळते चेंडू षटकाला दोनच टाकता येतात. म्हणून हुशार गोलंदाज बाकीचे चेंडू खांद्याच्या खाली, बरगडीवर ठेवतो.

लॉर्ड्सवर पुढे जे झाले ते त्या ठिपक्यांवरूनच वाचता येते. उपाहाराच्या तोंडावर मोईनने डोके फिरवून बॅट वर धरली, चेंडू शॉर्ट लेगला चेतेश्वर पुजाराच्या हातात गेला. इंग्लंड 5 बाद 173. मोईन डावखुरा, म्हणजे त्याच्यासाठी सारा आराखडा आरशात उलटवलेला होता. उपाहारानंतर मॅट प्रायरने पुल केला आणि डीप मिडविकेटला मुरली विजयने झेल घेतला. बेन स्टोक्स शून्यावर पुल करताना मिडविकेटला पुजाराकडे. 66 धावा काढून खेळणारा रूट डीप स्क्वेअर लेगला स्टुअर्ट बिन्नीकडे. स्टुअर्ट ब्रॉडच्या ग्लोव्ह्जला लागून झेल धोनीच्या हातात. सगळे झेल त्या रेघेवर पडले. इंग्लंड 223 धावांत आटोपले आणि भारत 95 धावांनी जिंकला. ईशांतने 74 धावांत 7 बळी घेतले.

ही फिल्ड कुणालाही लावून चालत नाही. उंच गोलंदाज हवा. ईशांत सहा फुटांहून चांगलाच उंच आहे. टप्प्यावरून चेंडू उसळणारी खेळपट्टी हवी. मंद खेळपट्टीवर तोच चेंडू कमरेला येतो आणि सीमेवरच्या तिघांच्या डोक्यावरून जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फलंदाजाला पुल मारावासा वाटला पाहिजे. जो शांतपणे सोडत राहतो, त्याच्यासमोर लेगला पाच माणसे निव्वळ उभी राहतात आणि ऑफला मोठी जागा मोकळी होते. चार-पाच षटके अशी गेली की कर्णधाराने पुन्हा स्लिपमध्ये माणूस बोलवावा आणि गोलंदाजाला सांगावे, टप्पा पुढे.