महिन्याचे चोवीस तास

‘पार्ट टाइम अकाउंटंट पाहिजे’ एवढ्याच पाटीवरून येणाऱ्याला काहीच कळत नाही. काम किती, हे आधी दुकानदारानेच मोजायला हवं.

समजा, हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. महिन्याला खरेदी-विक्रीची ३०० बिलं, टॅली प्राइममध्ये एका नोंदीला तीन मिनिटं. म्हणजे पंधरा तास. बँकेचा ताळमेळ तीन तास, जीएसटीचं काम सहा. एकूण चोवीस. तासाला ३०० रुपये ठरले तर पगार ७,२०० रुपये. जाहिरातीत हे तिन्ही आकडे आणि सॉफ्टवेअरचं नाव स्पष्ट असावं.

तारखाही लिहाव्यात, कारण हे तास महिनाभर सारखे विखुरलेले नसतात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला GSTR-1 साठी ११ तारीख, GSTR-3B साठी २० तारीख असते. मधे १४ तारखेला GSTR-2B तयार होतं. पुरवठादाराने बिल दाखवलं नसेल, तर ते त्यात दिसत नाही आणि त्या कराची वजावट अडते. केवळ नोंदी टंकणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. पैसे दुकानदाराचे अडकतात.

म्हणून मुलाखतीत उमेदवारासमोर महिन्याची खरेदीची बिलं आणि GSTR-2B ठेवावं, आणि न जुळणारी बिलं शोधायला सांगावीत.