दुपारची पेंग आणि अकराची पेंग

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण हिंजवडीतल्या कंपन्यांमध्ये काम करणारे आहेत, म्हणून उदाहरणही तिथलंच घेऊ. दुपारी अडीचची मिटिंग. कॅन्टीनमधून जेवून आलेलं आहे, एसी चालू आहे, पडद्यावर कुणीतरी तक्ते दाखवतंय आणि आपल्या पापण्या जड होताहेत. अशा वेळी प्रत्येक जण एकच निदान करतो: "आज भात जास्त झाला."

या निदानात अर्धंच खरं आहे. जेवल्यावर रक्त पोटाकडे जातं आणि मेंदूला कमी पडतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण मेंदूचा रक्तपुरवठा शरीर असा सहजासहजी कमी होऊ देत नाही. आणखी एक गोष्ट आहे. घड्याळ, सूर्यप्रकाश यातलं काहीही दिसू न देता, दुपारचं जेवण न देता दर तासाला थोडंथोडं खायला देऊन माणसांवर प्रयोग झाले, तेव्हाही अनेकांना दुपारी ही सुस्ती आलीच. म्हणजे जेवण तिला वाढवतं, जन्म देत नाही. भरपेट भात-पोळी आणि वर गोड खाल्लं तर ती जास्त जाणवते, हलकं खाल्लं तर कमी जाणवते, इतकंच.

मग ती येते कुठून? आपल्या जागेपणावर दोन गोष्टी काम करतात. एक म्हणजे झोपेचा दाब. सकाळी उठल्यापासून तो चढत जातो आणि रात्री झोपल्यावर उतरतो. दुसरी म्हणजे मेंदूतलं घड्याळ. ते दिवसभर आपल्याला जागं ठेवणारा जोर लावतं, आणि हा जोर संध्याकाळकडे वाढत जातो. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने ही दोन टोकांची मांडणी केली, आणि झोपेच्या अभ्यासात ती आजही पायाभूत मानली जाते. आता दुपारी एक ते चारच्या दरम्यान काय होतं बघा. सकाळपासून दाब बराच चढलेला असतो, पण घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून आलेला नसतो. मधे एक खळगा पडतो. चार-साडेचारनंतर घड्याळ जोर लावतं आणि आपण आपोआप ताजेतवाने होतो. सगळ्यांना हा खळगा सारखा जाणवत नाही, काहींना जवळजवळ जाणवतच नाही. पुण्यातल्या दुकानांच्या 'एक ते चार बंद' या पाटीची आपण थट्टा करतो, पण शरीराच्या हिशेबाने ती वेळ अचूक निवडलेली आहे!

आता मुख्य मुद्दा. रात्रीची झोप अपुरी झाली तर हा दाब सकाळी शून्यावर येतच नाही. वहीत मागची बाकी तशीच पुढे ओढली जाते. मग दुपारचा तोच खळगा खोल होतो. वरून दोघांची पेंग सारखीच दिसते, एकाची नैसर्गिक आणि दुसऱ्याची उधारीची. म्हणून आम्ही कुणी "दुपारी झोप येते" म्हणालं की दुपारबद्दल आधी विचारत नाही. आम्ही विचारतो, "सकाळी अकराला कसं वाटतं?"

कारण अकराला दाब फारसा चढलेला नसतो आणि उठल्या उठल्याची सुस्तीही ओसरलेली असते. पुरेशी झोप झालेल्या माणसाला त्या वेळी पेंग यायचं कारण नाही. अकराच्या मिटिंगमध्येही डोळे मिटत असतील, तर दोष डब्याचा नाही, रात्रीचा आहे.

एक उदाहरण सविस्तर बघू. हे एका व्यक्तीचं नाही, अनेकांचं मिळून केलेलं आहे. वाकडला राहणारी, फेज तीनमध्ये काम करणारी एक इंजिनिअर. न्यूयॉर्कच्या टीमबरोबर रोज कॉल, त्यांच्या दुपारी बाराला. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊ. पण नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात, आपण घेत नाही. तोच कॉल आता साडेदहाला सुरू होतो आणि साडेअकराला संपतो. डोकं शांत व्हायला तास-सव्वा तास, म्हणजे झोप पावणेएकला. मुलाची शाळेची बस आणि भूमकर चौकातली गर्दी गाठायची म्हणून उठणं सव्वासहाला. झोप झाली साडेपाच तास.

तिला साडेसात तास लागतात असं धरू. रोज दोन तासांची तूट, पाच दिवसांत दहा तास. शनिवार-रविवार ती तीन-तीन तास जास्त झोपते. या उधारीचा हिशेब घंटेवारी फिटत नाही, पण तसा मांडला तरी चार तास बाकीच राहतात. शिवाय रविवारी उशिरा उठल्यामुळे रविवारी रात्री वेळेवर झोप लागत नाही, आणि सोमवार पुन्हा तुटीनेच सुरू होतो.

ती म्हणते, "मला सवय झालीय." इथे सावध राहायला हवं. रोज सहा किंवा चार तास झोपू देऊन दोन आठवडे लोकांची चाचणी घेतली गेली आहे. त्यांच्या चुका दिवसेंदिवस वाढत गेल्या, पण 'मला किती झोप येतेय' हा त्यांचा स्वतःचा अंदाज काही दिवसांनी जवळपास तिथेच थांबला. सवय होते ती थकव्याच्या जाणिवेची. थकवा राहतोच. ही व्यक्ती संध्याकाळी दुचाकीवरून घरी जाणार असेल, तर हा फरक जिवाशी येतो. सिग्नलला थांबल्यावर डोळा लागत असेल, तर ती दुपारची पेंग समजू नका.

तिने काय केलं? आधी दोन आठवडे वहीत तीन गोष्टी लिहिल्या: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, अकराला पेंग आली का. ती वही दाखवून आठवड्यातले तीन कॉल सहकाऱ्यांमध्ये वाटून घेतले. शेवटची कॉफी साडेचारवरून दुपारी एकवर आणली, कारण कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेचारच्या कपातलं निम्मं साडेनऊलाही अंगात असतं. सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त लांबवली नाही. जेवणानंतर शक्य झालं तेव्हा गजर लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले, तेही तीनच्या आत. तासभर झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही लांबते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: रात्री आठ तास झोपूनही अकराला पेंग येत असेल तर?)

चांगला प्रश्न. मग तास पुरेसे आहेत, झोपेचा दर्जा बघावा लागतो. रात्री जोरात घोरता का, श्वास अडकल्यासारखा होतो असं घरच्यांनी सांगितलंय का, सकाळी डोकं दुखतं का, हे बघा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह यांचीही तपासणी लागते. अशा वेळी वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आपल्या इंजिनिअरचं पुढे काय झालं? काही आठवड्यांनी अकराची पेंग गेली. ती म्हणाली, "पण अडीचला अजून थोडं जडच वाटतं." आम्ही म्हटलं, तेवढं राहू दे. चारला ते आपोआप उतरतं ना? उतरत असेल, तर ती तुझीच दुपार आहे.