गरोदरपणात वेणी जाड का होते?

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला फुलांची वाडी घालायची म्हणून गर्भारशीला पाटावर बसवलं, की केस विंचरताना कुणीतरी म्हणतंच, “अगं, केस किती दाट झालेत तुझे!” मग त्याचं श्रेय वाटून घ्यायला सगळ्या पुढे सरसावतात. सासूबाई शतावरी कल्पाचं नाव घेतात, आई घाण्यावरच्या खोबरेलाचं, तर मावशी म्हणते की हे सगळं पोटातल्या बाळाचं तेज. त्यातल्या त्यात मावशी खऱ्याच्या जवळ आहे. केसांमधला हा बदल घडवणारा मुख्य अवयव गर्भाशयातच असतो. तो म्हणजे वार.

वार बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवते हे सर्वांना ठाऊक असतं. ती संप्रेरकांचा एक मोठा कारखानाही आहे, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक एरवी स्त्रीबीजकोशात तयार होतं. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांनंतर हे काम वार आपल्याकडे घेते आणि त्याचं प्रमाण रक्तात कितीतरी पटींनी वाढत जातं. त्यासाठी लागणारा बराचसा कच्चा माल बाळाच्या मूत्रपिंडावरच्या इवल्या अधिवृक्क ग्रंथींमधून येतो. म्हणजे आईच्या वेणीत बाळाचाही थोडा हात असतो, असं म्हणायला हरकत नाही.

आता इस्ट्रोजेन केसांचं नेमकं काय करतं? नवीन केस उगवतं, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि ते ज्या मुळांतून येतात त्यांची संख्या जन्माआधीच ठरलेली असते. गरोदरपणात त्यात एकाचीही भर पडत नाही. बदलतं ते केसांचं वेळापत्रक. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगानं. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळून पडतो. प्रत्येक केसाचं घड्याळ वेगळं असल्यामुळे कोणत्याही दिवशी दर शंभरातले पंचाऐंशी ते नव्वद केस वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. रोज पन्नास ते शंभर केस कंगव्यात येतात ते या विश्रांतीतल्यांपैकीच. गळालेल्या केसाच्या टोकाशी खसखशीपेक्षाही बारीक पांढरा गोळा दिसतो. तो पाहून अनेकींना “मुळासकट केस गेला” अशी भीती वाटते, पण जिवंत मूळ टाळूतच असतं. तो गोळा म्हणजे केस आपली पाळी संपवून गेल्याची खूण.

गरोदरपणात वाढीची अवस्था लांबते. 1960 साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ येल्वा लिनफील्ड यांनी गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या केसांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वाढता केस आणि विश्रांतीतला केस यांची मुळं वेगवेगळी दिसतात, त्यामुळे कोणते किती हे मोजता येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत वाढत्या केसांचं प्रमाण शंभरात पंचाण्णवच्या आसपास गेलेलं त्यांना आढळलं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तेच शंभरात शहात्तरवर उतरलं होतं.

हे आकडे एका डोक्यावर मांडून पाहू. समजा एका बाईच्या डोक्यावर एक लाख केस आहेत आणि एरवी त्यातले दहा हजार विश्रांतीत असतात. ते शंभरेक दिवसांत गळतात, म्हणजे रोज शंभर. गरोदरपणात विश्रांतीतले केस पाच हजारांवर आले की रोजची गळती पन्नासवर येते. सहा महिने रोज पन्नास केस वाचले, तर बाळंतपणाच्या सुमारास डोक्यावर नऊ हजारांच्या आसपास जादा केस असतील. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. वाढ दहा टक्क्यांच्या आतबाहेर आहे, दुपटीची नाही. वेणीचा घेर आधी आठ सेंटिमीटर असेल, तर एवढ्या केसांनी तो जेमतेम साडेआठच्या खाली राहील.

मग “किती दाट झालेत” असं का वाटतं? एक कारण असं, की वाचलेले केस सर्वांत जुने, म्हणजे सर्वांत लांब असतात. ते वेणीच्या टोकापर्यंत पोचतात आणि एरवी खाली उंदराच्या शेपटीसारखी होणारी वेणी शेवटपर्यंत भरलेली दिसते. शिवाय न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता साचत नाही, त्यामुळे मनही निश्चिंत होतं. याखेरीज काही संशोधकांनी एकेका केसाची जाडी मोजली, तेव्हा गरोदरपणात तीही किंचित वाढलेली दिसली. या तिन्हींत गळती थांबण्याचा वाटा मोठा.

तेलकटपणाची गोष्ट इतकी सरळ नाही. प्रत्येक केसाच्या मुळाला लागून एक तैलग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारं मेणचट तेल केसावर आणि टाळूवर पसरतं. हे तेल किती येतं ते मोजायची पद्धत मोठी मजेशीर आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात स्ट्रॉस आणि पोची या दोन डॉक्टरांनी 1961 मध्ये ती रूढ केली. कपाळ स्वच्छ पुसून त्यावर सिगारेटचा पातळ कागद तीन तास बांधून ठेवायचा आणि त्यात मुरलेलं तेल काढून त्याचं वजन करायचं. पुढे ब्रिटिश डॉक्टरांनी गरोदर स्त्रियांमधला तेलाचा पाझर मोजला आणि तो वाढलेला आढळला.

पण का वाढतो? तैलग्रंथींना चालना देतात ती मुख्यतः पुरुषी समजली जाणारी अँड्रोजेन संप्रेरकं. ती स्त्रियांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. इस्ट्रोजेन उलट या ग्रंथींना आवर घालतं. मग इस्ट्रोजेन एवढं वाढलेलं असताना टाळू कोरडी पडायला हवी. गरोदरपणात टेस्टोस्टेरॉनही वाढतं, पण त्यातलं बहुतेक रक्तातल्या एका प्रथिनाला बांधलेलं राहतं आणि ग्रंथींपर्यंत पोचत नाही. त्यामुळे एकट्या अँड्रोजेनवर बोट ठेवता येत नाही. वारेची आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची इतर संप्रेरकंही यात सामील असावीत, असं तज्ज्ञ मानतात. तैलग्रंथी गरोदरपणाला दाद देतात याचा एक जुना पुरावा मात्र शरीरावरच दिसतो. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर बारीक उंचवटे असतात. त्या तैलग्रंथीच असतात आणि गरोदरपणाच्या पहिल्या दोनेक महिन्यांतच त्या ठळक होतात. आयरिश प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॉन्टगोमेरी यांनी 1837 साली गर्भधारणेची लक्षणं सांगताना त्यांचं वर्णन केलं आणि आजही त्या त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात.

तेलकटपणा सगळ्यांना सारखा जाणवत नाही. सरळ, बारीक केसांवरून तेल भराभर खाली उतरतं आणि दुसऱ्याच दिवशी केस चप्प बसतात. कुरळ्या केसांवर ते वळणावळणाला अडतं, त्यामुळे अशा बायकांना तक्रार करायचं कारणच नसतं. काहींची टाळू तर या दिवसांत कोरडीही पडते. टाळू खरोखरच तेलकट झाली असेल, तर वर आणखी तेल थापून काही साधत नाही. मालासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर राहते आणि याच तेलावर पोसली जाते. तेल साचलं की कोंडा आणि खाज वाढते. सौम्य शांपूनं एक दिवसाआड न्हायलं तरी केसांना काही होत नाही. न्हाण्यानं केस गळत नाहीत, गळायला आलेलेच पाण्याबरोबर जातात. कोंड्याचा औषधी शांपू आणायचा तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बाळंतपणात वार पडते आणि काही दिवसांत इस्ट्रोजेन खाली येतं. इतके महिने थांबून राहिलेले केस एकदमच विश्रांतीत शिरतात. लिनफील्ड यांचा शहात्तरचा आकडा आपल्या हिशेबात घातला, तर आता चोवीस हजार केस विश्रांतीत आहेत. ते शंभर दिवसांत गेले, तर रोजचे झाले दोनशे चाळीस. मात्र विश्रांतीची अवस्थाच तीन महिन्यांची असल्यामुळे ही गळती लगेच सुरू होत नाही. दोन ते चार महिन्यांनी होते. “बाळ आईला ओळखायला लागलं की तिचे केस गळतात” असं आपल्याकडे म्हणतात. निरीक्षण अचूक आहे, फक्त बाळाच्या हसण्याचा त्यात दोष नाही. दोन्ही गोष्टींची वेळ एकच येते इतकंच.

याच सुमारास बाळाच्या डोक्यामागचं जावळही विरळ होतं. त्याचं खापर उशीवर फुटतं, पण डोक्यामागचे हे केस जन्माच्या वेळी एकदम विश्रांतीत शिरतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. आई आणि लेकरू दोघांचं चक्र एकाच सुमाराला फिरतं.

आईची गळती काही महिने चालते. साधारण वर्षभरात केस पूर्ववत होतात, कारण प्रत्येक गळालेल्या केसाच्या जागी त्याच मुळातून नवा येत असतो. कपाळावर उभे राहणारे आखूड, हट्टी केस हेच ते. बाजारातली महागडी तेलं आणि गोळ्या नेमक्या या काळात विकल्या जातात. चार महिने बाटली वापरली, गळती थांबली आणि श्रेय बाटलीला गेलं. ती नसती तरी गळती थांबलीच असती.

काही वेळा मात्र केस वेगळं काही सांगत असतात. गरोदरपणातच केस मुठीमुठीनं गळू लागले, तर ते या चक्रात बसत नाही. अशा वेळी आधी रक्तातलं लोह पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या मळमळतं म्हणून कपाटात पडून राहिल्या असतील, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, त्यावर उपाय असतात. गरोदरपणात हनुवटीवर किंवा पोटावर थोडी लव वाढणं नेहमीचं आहे आणि ती पुढे जातेही. पण दाढीमिशीसारखे राठ केस येऊ लागले आणि आवाज घोगरा झाला, तर थांबू नये, कारण अंडाशयात अँड्रोजेन बनवणारी गाठ असू शकते.

बाळंतपणाला वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, किंवा सोबत धडधड, कमालीचा थकवा, वजनात अकारण चढउतार असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरातल्या सुमारे पाच जणींच्या थायरॉइडला सूज येते आणि तिच्यामुळेही केस गळतात. रक्त द्यायला जाण्याआधी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेत आवर्जून सांगा. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.