जमिनीतून आरपार

व्हिडिओ गेममधले पात्र उंचावरून वेगाने खाली येते आणि जमिनीवर टेकण्याऐवजी तिच्यातून आरपार निघून जाते. वरचे घर, झाडे, रस्ता सगळे जागेवर असते. पात्र मात्र खालच्या रिकाम्या पोकळीत पडत राहते. गेम बनवणारे या प्रकाराला टनेलिंग म्हणतात. हा बग दर वेळी घडत नाही, म्हणूनच तो पकडायला त्रास देतो. दहा उड्या नीट होतात, अकरावीला पात्र गायब होते आणि बाराव्या वेळी पुन्हा सगळे सुरळीत.

यामागचे कारण संगणक हालचाल कशी मोजतो त्यात आहे. पडद्यावर गती अखंड दिसते, पण गेम इंजिन ती तुकड्यांत हिशेबात घेते. युनिटी या इंजिनात मुळात ठरलेला तुकडा 0.02 सेकंदाचा असतो, म्हणजे सेकंदाला 50 स्टेप. प्रत्येक स्टेपमध्ये इंजिन पात्राला त्याच्या वेगानुसार पुढच्या जागी ठेवते आणि मग पाहते, की या जागी ते कशात घुसले आहे का. घुसले असेल तर त्याला बाहेर ढकलते. आधीची जागा आणि नवी जागा यांच्या मधल्या वाटेत काय होते, हे साध्या पद्धतीत तपासलेच जात नाही. लांब टाक्यांचा धावदोरा घातला तर दोन टाक्यांच्या मधली अरुंद पट्टी सुईला न शिवता सुटू शकते, तसेच हे आहे.

आता एक नेमके उदाहरण घेऊ. पात्राभोवती 2 मीटर उंचीची कॅप्सूल आहे. इंजिनाच्या लेखी हेच त्याचे शरीर. जमिनीला 10 सेंटिमीटर जाडीचा पेटीसारखा कोलायडर आहे. हवेत असताना बटण दाबले की पात्र सरळ खाली झेपावून जमिनीवर आघात करते. या झेपेचा वेग सेकंदाला 60 मीटर ठेवला आहे आणि तेवढ्या वेळापुरते गुरुत्वाकर्षण बंद केले आहे. 60 ला 0.02 ने गुणले की एका स्टेपमधले अंतर मिळते: 1.2 मीटर.

इथे सहज एक शंका येते. पात्र 2 मीटर उंच आहे, उडी 1.2 मीटरचीच आहे. मग ते जमिनीला पूर्ण ओलांडून जाईलच कसे? शंका बरोबर आहे. पात्र एका उडीत जमीन ओलांडत नाही. ते जमिनीत रुतते, इंजिनाला ते रुतलेले दिसतेही, आणि खरी चूक त्यानंतर होते. रुतलेल्या वस्तूला बाहेर काढताना इंजिन सर्वांत जवळची वाट निवडते. पाय जमिनीच्या पृष्ठभागाखाली 10 सेंटिमीटर गेले असतील, तर वर काढायला 10 सेंटिमीटर पुरतात आणि पात्र नीट उभे राहते. पाय 1.05 मीटरपेक्षा खोल गेले असतील, तर अर्ध्याहून जास्त शरीर जमिनीखाली असते. मग खालून बाहेर पडणे जवळचे ठरते. पात्र कोठून आले याची इंजिनाला आठवण नसते. ते पात्राला खाली ढकलते, आणि झेपेचा वेगही खालच्याच दिशेचा असल्याने त्याला काहीच अडवत नाही.

बग अधूनमधूनच का दिसतो, याचे उत्तर याच हिशेबात आहे. टेकण्याच्या आधीच्या स्टेपमध्ये पाय जमिनीपासून किती वर होते, यावर सगळे अवलंबून. हे अंतर शून्य ते 1.2 मीटरमध्ये काहीही असू शकते, कारण ते बटण कोणत्या क्षणी दाबले त्यावर ठरते. पाय 1 मीटर वर असतील तर पुढच्या स्टेपला ते फक्त 20 सेंटिमीटर रुततात. पण ते 15 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवर असतील, तर 1.05 मीटरची मर्यादा ओलांडली जाते. 1.2 मीटरमधले 15 सेंटिमीटर म्हणजे आठवा हिस्सा. साधारण आठ झेपांत एकदा पात्र हरवते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच नियम दिसत नाही.

पात्र जमिनीतून पडले म्हणजे टनेलिंगच झाले, असे मात्र नाही. म्हणून तपासाची सुरुवात पात्राला जमिनीपासून हातभर उंचीवरून हळूच सोडून करावी. तरीही ते पडत असेल, तर वेगाचा काही संबंध नाही. जमिनीला कोलायडरच नसेल, त्यावर Is Trigger ची खूण राहिली असेल, किंवा पात्र आणि जमीन ज्या लेयरवर आहेत त्यांची टक्कर सेटिंगमध्ये बंद असेल. हळू सोडल्यावर ते टिकते आणि वेगात कधीकधी पडते, असे असेल तरच पुढे जावे. मग Fixed Timestep तात्पुरता 0.005 करून पाहावा. एका स्टेपमधले अंतर 1.2 मीटरवरून 30 सेंटिमीटरवर येते. बग गायब झाला, तर निदान जवळपास पक्के झाले.

शेवटचा पुरावा नोंदींतून मिळतो. प्रत्येक फिजिक्स स्टेपला वेळ, उंची आणि वेग लिहून घेणारा छोटा कोड पात्राला जोडतात:

```csharp
void FixedUpdate() {
    Debug.Log(Time.fixedTime + "  " + rb.position.y
              + "  " + rb.linearVelocity.y);
}
```

युनिटीच्या सहाव्या आवृत्तीआधी `linearVelocity` च्या जागी `velocity` लिहावे लागे. पात्र हरवलेल्या झेपेची नोंद अशी दिसते:

```
12.40   3.52   -60
12.42   2.32   -60
12.44   1.12   -60
12.46  -0.08   -60
12.48  -1.28   -60
```

मधला आकडा पात्राच्या मध्यबिंदूची उंची आहे, त्यामुळे पाय त्याच्या 1 मीटर खाली. तिसऱ्या ओळीत पाय जमिनीच्या 12 सेंटिमीटर वर आहेत. चौथ्या ओळीत ते 1.08 मीटर खाली गेले आहेत. वेगाचा आकडा मात्र एकदाही बदललेला नाही. तीच खरी खूण. जमिनीने क्षणभर जरी अडवले असते तरी वेग शून्याकडे गेला असता. यशस्वी झेपेत मध्यबिंदू 2.10, मग 0.90 अशा जागी येतो आणि पुढच्या ओळीत 1.00 वर वेग शून्य होऊन थांबतो.

नोंदींतल्या उड्या समान नसतील, तर वेगळाच दोष समोर येतो. नवशिक्यांच्या कोडमध्ये पात्राला अनेकदा थेट `transform.position` बदलून हलवलेले असते, आणि तेही फिजिक्सच्या स्टेपमध्ये नव्हे, तर चित्राच्या प्रत्येक फ्रेमला. मग उडीची लांबी फ्रेमच्या वेगावर ठरते. चांगल्या संगणकावर सेकंदाला 60 फ्रेम मिळतात आणि उडी 1 मीटरची होते. तिथे बग दिसतच नाही. स्वस्त फोनवर फ्रेम 20 वर घसरल्या की तीच उडी 3 मीटरची होते, म्हणजे पात्राच्या उंचीहूनही मोठी, आणि आता ते जमिनीला न शिवताही पलीकडे जाऊ शकते. बनवणाऱ्याकडे कधीच न दिसणारा आणि खेळणाऱ्याकडे रोज दिसणारा बग बऱ्याचदा असा जन्माला येतो.

निदान झाले की पहिला उपाय म्हणजे वाट तपासणे. पात्राच्या Rigidbody मध्ये Collision Detection हे सेटिंग मुळात Discrete असते. ते Continuous केले की इंजिन कॅप्सूल जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत सरकवून पाहते आणि वाटेत स्थिर जमीन आडवी आली तर पात्राला तिथेच थांबवते. याला जास्त गणित लागते, म्हणून ते प्रत्येक दगडाला न लावता वेगवान वस्तूंनाच लावावे. दोन अडचणी लक्षात ठेवाव्या लागतात. ही तपासणी वेग आणि बल यांनी होणाऱ्या हालचालीचीच होते. `transform.position` बदलणे म्हणजे पात्राला उचलून दुसरीकडे ठेवणे. तिथे तपासायला वाटच नसते. अशा कोडमध्ये हालचाल `CharacterController` च्या `Move` कडे सोपवणे चांगले, कारण ते स्वतः वाट तपासते. दुसरी अडचण फिरण्याची. सरकवून पाहण्यात सरळ हालचाल धरली जाते, वेगाने गरगरणाऱ्या लांब दांड्याचे टोक तरीही निसटू शकते. त्यासाठी Continuous Speculative हा पर्याय आहे, पण त्यात शेजारी लावलेल्या दोन फरशांच्या सांध्यावर पात्र नसलेल्या अडथळ्याला ठेचकाळल्याचे प्रकार घडतात.

दुसरा उपाय दिसायला अगदी गावठी, पण बहुतेक वेळा तोच आधी करावा: जमीन जाड करणे. कोलायडर खेळणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा तो खाली 3 मीटर वाढवला तरी चित्रात काही बदलत नाही. मग खालची वाट जवळची ठरायला पाय 2.5 मीटर रुतावे लागतील आणि 1.2 मीटरच्या उडीत ते शक्य नाही. उलट, जाडीच नसलेला सपाट Plane जमीन म्हणून वापरणे धोक्याचे. वेग कमी करणे हाही मार्ग आहेच. हात-पाय पसरून खाली येणारा स्कायडायव्हर सेकंदाला साधारण 55 मीटर वेगाने पडतो, त्यामुळे 60 हा आकडा तसाही जास्तच. 40 वर आणला तर उडी 80 सेंटिमीटरची होते आणि जोर मात्र आवाज आणि धुळीने दाखवता येतो.

स्टेप लहान करणे हा निदानासाठी उत्तम आणि इलाज म्हणून महाग मार्ग, कारण त्यात साऱ्या जगाचे गणित चौपट वेळा करावे लागते. फक्त एका पात्राची हालचाल तुकड्यांत मोडणे जास्त शहाणपणाचे. 1996 च्या ‘सुपर मारिओ 64’ मध्ये मारिओची प्रत्येक फ्रेममधली हालचाल चार भागांत तपासली जाते. तेही पुरेसे नाही, हे खेळाडूंनीच दाखवले: उलट्या दिशेने लांब उड्या मारत प्रचंड वेग साठवला, की मारिओ बंद दारांच्याही पलीकडे जातो. कमी वेळात गेम संपवण्याची स्पर्धा करणारे ही युक्ती आजही मुद्दाम वापरतात.

पात्र ठरावीक खोलीच्या खाली गेले तर त्याला शेवटच्या सुरक्षित जागी परत आणणारा कोडही बहुतेक गेममध्ये असतो. तो असावा, पण तो बग दुरुस्त करत नाही, झाकतो. म्हणून तिथे प्रत्येक वेळी नोंद लिहिण्याची सोय ठेवावी.

दुरुस्ती खरी झाली का, हे पाहताना घाई महागात पडते. आठात एकदा घडणारा बग तसाच असला, तरी सलग 20 झेपा निर्दोष जाण्याची शक्यता सुमारे 7 टक्के उरते. त्यापेक्षा नशिबावर न सोडता सुरुवातीची उंची दर वेळी 1 सेंटिमीटरने वाढवत 120 झेपा आपोआप घडवाव्यात. त्यात पायांचे शून्यापासून 1.2 मीटरपर्यंतचे प्रत्येक अंतर येऊन जाते. जुन्या कोडमध्ये त्यांतल्या पंधराएक झेपांत पात्र हरवेल. नव्या कोडमध्ये एकाही झेपेत हरवता कामा नये. मग `QualitySettings.vSyncCount` शून्य ठेवून `Application.targetFrameRate` 20 वर आणावे आणि तीच चाचणी पुन्हा चालवावी.