प्रश्नच कळला नाही तर?

परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आयईएल्‌टीएस देणाऱ्या मुलांना बोलण्याच्या परीक्षेची धास्ती असते. परीक्षक समोर बसलेला असतो, संभाषणाचे रेकॉर्डिंग चालू असते आणि अकरा ते चौदा मिनिटांत सगळे आटोपते. अशा वेळी एखादा प्रश्न कळला नाही, तर बरीच मुले दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण गप्प बसतात. काही जण कानावर पडलेला एखादा ओळखीचा शब्द धरून अंदाजाने बोलत सुटतात.

या दोन्हींनी नुकसानच होते. परीक्षक चार गोष्टींना गुण देतो: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चारही गोष्टींना सारखेच वजन असते. लांबलेल्या शांततेने ओघ तुटतो, तर विचारले एक आणि सांगितले भलतेच असे झाले की सुसंगती जाते. ऐकून समजण्याची परीक्षा वेगळी होते, इथे तिला गुण नाहीत. म्हणून प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला एवढ्यावरून कोणी गुण कापत नाही. उलट, नीट विचारलेला प्रतिप्रश्न हेही चांगले इंग्रजी बोलणेच असते.

विचारण्याआधी आपले नेमके काय अडले ते ओळखायला हवे. शब्द ऐकूच आले नसतील तर 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' एवढे पुरते. वाक्य ऐकू आले, पण त्यातला एक शब्द अनोळखी असेल तर त्या शब्दावर बोट ठेवावे: 'सॉरी, व्हॉट डज ऑब्सोलीट मीन?' सगळे शब्द ओळखीचे असूनही रोख कळला नसेल, तर आपल्याला लागलेला अर्थ तपासून घ्यावा: 'डू यू मीन चिल्ड्रन इन सिटीज, ऑर चिल्ड्रन इन जनरल?' नुसते 'व्हॉट?' तुटक वाटते. 'कम अगेन?' घरगुती गप्पांत चालते, परीक्षेत नको.

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या भागात परीक्षक विचारतो, 'डू यू थिंक ट्रॅडिशनल क्राफ्ट्स विल बिकम ऑब्सोलीट?' कोल्हापूरच्या मुलीला 'क्राफ्ट्स' कळले, 'ऑब्सोलीट' कळले नाही. अंदाजाने ती कोल्हापुरी चपलांचे कौतुक सुरू करू शकते, पण ते प्रश्नाचे उत्तर होणार नाही. त्याऐवजी ती म्हणते, 'आय एम सॉरी, आय डोन्ट नो द वर्ड ऑब्सोलीट. कुड यू पुट द क्वेश्चन अनदर वे?' परीक्षक सोपे करून विचारतो की, पुढे लोक हाताने वस्तू बनवणे सोडून देतील का? आता त्याच चपला तिच्या कामी येतात. हाताने शिवलेली चप्पल महाग पडते, कारागिरांची मुले दुसरे धंदे शोधतात, तरीही काही गिऱ्हाईक टिकून राहील, असे मत ती कारणांसह मांडू शकते. या साऱ्यात गेले ते दहाएक सेकंद.

मात्र हे स्वातंत्र्य तिसऱ्या भागात जास्त असते, कारण तिथे खुली चर्चा चालते. पहिल्या भागातले घर, काम, आवडीनिवडी यांवरचे प्रश्न परीक्षकाला ठरवून दिलेले असतात. त्यामुळे तो बहुधा तेच वाक्य पुन्हा म्हणतो. तरीही कळले नाही, तर 'इफ यू मीन...' अशी सुरुवात करून आपण लावलेला अर्थ सांगावा आणि त्याचे उत्तर द्यावे. दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड हातातच असते. तयारीच्या एका मिनिटात त्यावरचे बाकीचे मुद्दे वाचले की अडलेल्या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा लागतो.

प्रश्न कळला आहे, पण उत्तर सुचत नाही, ही अडचण निराळी आहे. तेव्हा प्रश्न पुन्हा विचारायला लावून वेळ काढू नये. दर दुसऱ्या प्रश्नाला असे केले तर परीक्षकाच्या ते लक्षात येते, शिवाय आपल्या बोलण्याचा वेळही खर्च होतो. 'आय हॅव नेव्हर थॉट अबाऊट इट, बट...' असे म्हणून सरळ उत्तराकडे वळावे.

टोफेलसारख्या परीक्षेत संगणकासमोर बोलायचे असते, तिथे प्रतिप्रश्न विचारायला कोणी नसते. म्हणून आपली परीक्षा कोणती, हे आधी पाहून घ्यावे. माणसासमोर बोलायचे असेल तर सराव मित्राबरोबर करावा. त्याने काही प्रश्न मुद्दाम पुटपुटत विचारावेत, काहींत अवघड शब्द घालावा, काही मोघम ठेवावेत. आपण दर वेळी ओळखायचे की, आवाज अडला, शब्द अडला की रोख, आणि त्याला जुळणारे वाक्य लगेच उच्चारायचे. वाक्ये तीनच आहेत. पण ती आयत्या वेळी आठवावी लागू नयेत, तोंडात बसलेली असावीत.