पत्रकातलं वाक्य सोपं करताना

पॅरासिटामॉलच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळीच्या पत्रकात मोठ्या माणसांसाठी साधारण असं लिहिलेलं असतं: ‘एका वेळी १ ते २ गोळ्या, आवश्यकतेनुसार, दर ४ ते ६ तासांनी, २४ तासांत कमाल ८ गोळ्या.’

गटाच्या बैठकीत हे सोपं करायला बसलो, तेव्हा एकीने लिहिलं, ‘दिवसातून चार वेळा दोन-दोन गोळ्या घ्या.’ वाचायला सोपं, पण अर्थच बदलला. ८ ही शेवटची हद्द आहे, तेवढ्या घ्यायच्याच असं नाही. ‘आवश्यकतेनुसार’ गळलं, दोन गोळ्यांमधलं अंतर गळलं. शिवाय ‘दिवसातून’ म्हटलं की रात्रीची गोळी कोण मोजतं? मग आम्ही असं लिहिलं:

‘ताप किंवा दुखणं असेल तरच एक किंवा दोन गोळ्या घ्या. पुन्हा घ्यायच्या तर चार ते सहा तासांनी, त्याआधी नाही. पहिली गोळी सकाळी सहाला घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत, रात्रीच्या धरून, आठपेक्षा जास्त नकोत.’

वाक्यं वाढली, चालेल.

दुष्परिणामांत ‘अत्यंत दुर्मीळ: त्वचेची गंभीर प्रतिक्रिया’ असं होतं. पत्रकाच्या भाषेत याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी. कुणी म्हणालं, उगाच घाबरवायचं कशाला, गाळूया. गाळायचं नाही. लिहिलं, ‘दहा हजारांत एकालाही होईलच असं नाही. पण अंगावर फोड आले, कातडी सुटू लागली, तर गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.’